चलान भरण्याआधी कलम बघा

नवीन आहात म्हणून आधी एवढंच सांगतो: पावतीवरची रक्कम नंतर वाचा, कलम आधी वाचा. वाहतूक गुन्ह्यांतले कोणते जागेवर तडजोड शुल्क भरून मिटतात, हे मोटार वाहन कायद्याचं कलम 200 ठरवतं. हवालदाराची मर्जी तिथे चालत नाही.

समजा, दुचाकीस्वार मोबाइलवर बोलताना पकडला गेला आणि फुंकर-चाचणीत दारूही निघाली. मोबाइल कलम 184 मध्ये येतो. त्या कलमातला मोबाइल वापरण्यापुरताच भाग तडजोडीत बसतो, बाकीचं धोकादायक वाहन चालवणं बसत नाही. दारूचं कलम 185, मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम. हे कलम 200 च्या यादीतच नाही, म्हणून कोर्टाची तारीख चुकत नाही. मोबाइलचे पैसे भरल्यावर दोन्ही संपलं असं समजून लोक तारखेला जात नाहीत आणि मग वॉरंट निघतं. त्यामुळे पावतीवर प्रत्येक कलमापुढे काय लिहिलंय ते बघा आणि समन्सवरची तारीख टिपून ठेवा. वकील देता येतो, पण स्वतःच्या गैरहजेरीची सूट कोर्टाकडून मागून घ्यावी लागते.

आणखी एक, आणि हे फार जण विसरतात. चलान चुकीचं वाटत असेल तर भरू नका. तडजोड झाली की प्रकरण तिथेच बंद होतं, मग दाद मागायला काही उरत नाही. mahatrafficechallan.gov.in वर फोटो उघडून नंबरप्लेट आपलीच आहे ना, ते आधी पाहा.