अर्धाच आलेला मेसेज

प्रश्न: सोलापुरात चादरी-टॉवेलचं दुकान आहे, ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात. "अण्णा, मी चादर कशी" एवढ्यावरच तुटलेले मेसेज बरेचदा येतात. काय उत्तर द्यावं?

उत्तर: लगेच काही लिहू नका. बोट चुकून बाणावर पडलं की असा मेसेज सुटतो. अँड्रॉइडवर Enter is send सुरू असेल, तर नवी ओळ घ्यायला गेलं तरी जातो. उरलेलं वाक्य बहुधा मागोमाग येतं, म्हणून नावाखाली typing… दिसतंय का बघत दोन-तीन मिनिटं थांबा. कधी गिऱ्हाईक नवा मेसेज न टाकता तोच दुरुस्त करतं. तशी सोय 15 मिनिटांपर्यंत असते आणि दुरुस्तीची वेगळी घंटी वाजत नाही. तेव्हा लिहिण्याआधी चॅट एकदा परत उघडा.

काहीच आलं नाही, तर आहे तेवढं नीट वाचा. "मी" लिहिलंय, म्हणजे "चादर कशी दिली" हा भावाचा प्रश्न नाही. करायचं ते गिऱ्हाईकालाच आहे. आता चॅट वर सरकवून शेवटचा व्यवहार बघा. समजा, कालच पार्सल पोचलंय. मग मागवण्याचा प्रश्न मागे पडतो आणि उरतात दोनच: कशी धुवू, किंवा कशी बदलून घेऊ.

इथे घाईत धुण्याची पद्धत सांगून मोकळं होऊ नका. प्रश्न बदलण्याचा असला आणि ताईंनी चादर पाण्यात घातली, तर ती परत घेता येणार नाही आणि वाद तुमच्या गळ्यात. म्हणून असं लिहा:

"ताई, मेसेज अर्धाच आलाय. 1 – चादर धुण्याबद्दल, 2 – बदलण्याबद्दल. नुसता आकडा पाठवा. बदलायची असेल तर अजून पाण्यात घालू नका."

आकडे मुद्दाम घातलेत. "हे की ते?" असं विचारलं की हमखास "हो" येतं, आणि परत विचारत बसावं लागतं. दोनाच्या जागी सहा पर्याय दिले तर कोणी वाचत नाही. नुसतं "?" पाठवलं तर गिऱ्हाईकाला दुकानदार वैतागलाय असं वाटतं, ते वेगळंच.

उत्तरात 1 आला, तर सांगा: पहिल्यांदा गार पाण्यात, बाकी कपड्यांपासून वेगळी धुवा, रंग थोडा सुटू शकतो, सावलीत वाळवा. 2 आला तर आधी फोटो मागवा.

नवीन नंबर असेल, मागचं काहीच नसेल, तर अंदाज मागवण्याचाच धरा. माप, भाव आणि पैसे कसे पाठवायचे एवढं कळवून खाली "दुसरं काही विचारायचं होतं का?" जोडा. बिझनेस ॲपमध्ये हा मजकूर Quick replies मध्ये साठवून ठेवता येतो, / टाकून निवडला की झालं. जुन्या गिऱ्हाईकाला मात्र तो साठवलेला मजकूर नको. तिथे हातानंच लिहा.