एका दिवसाच्या प्रशिक्षणाचं वेळापत्रक

प्रश्न: एक दिवसाच्या प्रशिक्षण कार्यशाळेचं मिनिटवार वेळापत्रक कसं लिहावं? सहभागींना आधी पाठवायचं आहे. नमुना असेल तर द्या.

मिनिटवार पाठवू नका. मिनिटवार कागद तुमच्या खिशात राहू द्या. लोकांना फक्त त्यांच्या कामाच्या वेळा पाठवा: दार कधी उघडणार, काम कधी सुरू होणार, चहा, जेवण आणि सुट्टी.

हे मी एका फजितीतून शिकलो. बचत गटांच्या लेखापालांचं प्रशिक्षण होतं, नागपुरात सक्करदऱ्याकडच्या एका हॉलमध्ये. 38 जण, त्यातल्या 29 बाया. बहुतेक उमरेड, भिवापूर, कुहीकडून एसटीने आलेल्या. वेळापत्रक संस्थेच्या सचिवांनी केलं होतं. 10 ते 5, सात सत्रं, मधे श्वास घ्यायलाही जागा नाही. मी म्हटलं, एवढं मावणार नाही. ते म्हणाले, "कागद भरलेला दिसला पाहिजे, नाहीतर निधी देणारे विचारतात दिवसभर केलं काय."

उद्घाटनाला 15 मिनिटं लिहिली होती. पाहुणे आले 10.50ला, दीपप्रज्वलन आणि भाषणं आटोपेपर्यंत 11.25. चहाला 10 मिनिटं होती. आता हिशेब करा: 29 बाया, दोन शौचालयं, प्रत्येकीला दोन मिनिटं धरली तरी 29 मिनिटं जातात. चहा किती पटकन ओतता याने काहीच फरक पडत नाही. मग गटांचं सादरीकरण. आठ गट, प्रत्येकी तीन मिनिटं, म्हणून कागदावर 24. पण एक गट उठून जागेवर जाणार, दुसरा चार्ट घेऊन पुढे येणार, कोणी चिकटपट्टी शोधणार. यात गटामागे दोन मिनिटं जातातच. म्हणजे 40. जेवण दोनला झालं.

आणि ज्यासाठी सगळ्यांना बोलावलं होतं, तो रोकड वही आणि बँक पासबुकाचा ताळमेळ, कागदावर 4.15ला होता. चार वाजता एक ताई उठल्या, "सर, उमरेडहून पुढची गाडी चुकली तं रात्र तिथंच काढा लागते जी." पाठोपाठ अर्धा हॉल उठला. ताळमेळ शिकवायचा राहिलाच. सचिवांनी ठपका माझ्यावर ठेवला, की तुम्ही वेळ पाळली नाही. तो कागद मी केलेला नव्हता, हे आज इथे सांगून टाकतो.

त्यानंतर मी उलटीकडून मोजतो. शेवटची माणसं किती वाजता निघायला हवीत? त्या बायांसाठी 4. सुरुवात 10.30ला धरली तर 330 मिनिटं मिळतात. जेवणाचे 45 आणि दोन चहांचे 25-25 वजा केले की उरतात 235. त्यातली फक्त 200 भरायची. 35 मोकळी ठेवायची, पण लोकांना दाखवायची नाहीत. दाखवली की तेवढ्यात कोणीतरी भाषण घुसवतं.

पाठवायचा मजकूर मग असा होतो: 9.45 नाव नोंदणी व पोहे. 10.30 ते 12 पासबुकाशी ताळमेळ, स्वतःच्या वहीवर. 12 चहा. 12.25 ते 1.30 कर्जाच्या नोंदी. 1.30 जेवण. 2.15 ते 3 चुका शोधण्याचा सराव. 3 चहा. 3.25 ते 4 शंका, 4ला सुट्टी. खाली एक ओळ: गटाची रोकड वही, पासबुक आणि कॅल्क्युलेटर आणा. ही ओळ विसरलात तर पहिलं सत्र कोरड्या गप्पांवर जातं.

मुख्य काम सकाळी ठेवायचं. पाहुण्यांना 1.15ला बोलवायचं, जेवणाच्या तोंडावर. समोर भुकेले लोक बसले की भाषण आपोआप आटोपतं. कर्जाच्या नोंदी मग माझ्या खिशातल्या कागदावर 1.15लाच संपतात.

सत्राला "वित्तीय व्यवस्थापन: एक दृष्टिक्षेप" असली नावं देऊ नका. वाचणाऱ्याला काय आणायचं ते त्यातून कळत नाही. आठवडाभर आधी एकदा आणि आदल्या संध्याकाळी पुन्हा पाठवा, व्हॉट्सॲपवर साधा मजकूर म्हणून. गावातल्या नेटवर्कवर पीडीएफ उघडतेच असं नाही, आणि उघडली तरी लहान स्क्रीनवर तक्ता वाचवत नाही.

एक राहिलं. बाहेरून चार वेगवेगळे वक्ते येणार असतील, तर त्यांना प्रत्येकाला नेमकी वेळ कळवावीच लागते. पण ती त्यांना वेगळी कळवा. सगळे शहरातलेच असतील तर पाचपर्यंत बसवा, माझी हरकत नाही. एवढ्या बायांना दोनच शौचालयं असलेला हॉल मात्र घेऊ नका, भाडं कितीही कमी असलं तरी. त्या सचिवांनी पुढच्या वर्षी तोच घेतला म्हणे.