चिनी कोजागिरी? नव्हे, मधल्या शरदाची पंधरवी

प्रश्न : ऑफिसातल्या सिंगापूरच्या सहकाऱ्यांना मिड-ऑटम फेस्टिव्हलच्या शुभेच्छा द्यायच्या आहेत. त्याला मराठीत 'चिनी कोजागिरी' म्हटलं तर चालेल का? आणि ड्रॅगन बोट फेस्टिव्हल ही त्यांची कुठली तिथी? दोन्हींच्या तारखा दरवर्षी का हलतात?

चालणार नाही. बातम्यांत हा शब्द दरवर्षी येतो आणि बहुतेक वर्षी तो साफ चूक असतो. २०२५ साली तो योगायोगाने बरोबर ठरला आणि तेव्हापासून तर लोकांना ते पक्कंच वाटू लागलंय. त्या योगायोगाकडे येतोच, पण आधी नाव नीट पाहू, कारण तारखेचं सगळं मर्म नावातच आहे.

चिनी नाव चोंगछिऊ. छिऊ म्हणजे शरद. चोंगचं भाषांतर सगळे 'मध्य' असं करून मोकळे होतात. पण या सणाच्या महिन्याचं जे जुनं नाव आहे, त्यातला चोंग हा नुसता मध्य नाही. तो मधला भाऊ आहे! चिनी घरात भावंडांचा क्रम सांगणारे शब्द असतात : थोरला तो मंग, मधला तो चोंग, धाकटा तो ची. कन्फ्यूशियसचं व्यवहारातलं नाव चोंगनी होतं, कारण तो वडिलांचा दुसरा मुलगा. हेच तीन शब्द ऋतूच्या तीन महिन्यांना लावले आहेत. शरदाचे महिने तीन, सातवा, आठवा आणि नववा. सातवा थोरला शरद, आठवा मधला शरद, नववा धाकटा शरद. आज सणाच्या नावात लिहितात ते साधं 'मध्य' अर्थाचं अक्षर आहे आणि त्याचा सूरही वेगळा आहे, म्हणून काही कोशकार दोन्ही शब्द वेगळे ठेवतात. मला ते पटत नाही. जुन्या ग्रंथांत मधल्या भावासाठीही तेच साधं अक्षर वापरलेलं सापडतं. आधी महिन्याला भावाचं नाव मिळालं आणि त्या महिन्याच्या बरोब्बर मधल्या दिवसाला ते चिकटलं, असंच माझं मत आहे.

आता आपल्याकडे या. आपले ऋतू सहा आणि प्रत्येकाला महिने दोन. आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. दोन भावांत मधला कुठून आणणार? चिनी आठवा महिना बहुतेक वर्षी आपल्या भाद्रपदाशी जुळतो आणि भाद्रपद आपल्या हिशेबात वर्षा ऋतूत जातो. म्हणजे 'शरद' या शब्दाने त्यांना आणि आपल्याला जे अभिप्रेत आहे तेच वेगळं आहे. 'चिनी कोजागिरी' इथेच घसरते.

मग २०२५ मध्ये ६ ऑक्टोबरला दोन्ही एकाच रात्री कशा आल्या? दोन्ही पंचांगांत महिना अमावास्येपासून मोजतात, आणि त्याला नाव देतो सूर्य. ज्या चांद्रमासात रवी कन्या राशीत शिरतो तो आपला भाद्रपद. आपली गणना निरयन, म्हणजे ताऱ्यांना धरून, म्हणून ही संक्रांत हल्ली १७ सप्टेंबरच्या आसपास पडते. चिनी गणना सायन आहे, म्हणजे ऋतूंच्या खुणांना धरून. त्यांच्या आठव्या महिन्याची खूण म्हणजे शरद संपात, दिवस-रात्र सारखे होतात तो क्षण, २२ किंवा २३ सप्टेंबर. दोन खुणांमध्ये अंतर जेमतेम सहा दिवसांचं. अमावास्या या सहा दिवसांच्या बाहेर पडली तर दोन्ही खुणा एकाच चांद्रमासात येतात आणि त्यांचा आठवा तो आपला भाद्रपद होतो. अमावास्या नेमकी या फटीत सापडली की गाडी रूळ बदलते. २०२५ ची अमावास्या बीजिंगच्या वेळेप्रमाणे २२ सप्टेंबरच्या पहाटे संपली. आपली कन्या संक्रांत तोवर उरकली होती, त्यामुळे पुढचा महिना आपला आश्विन झाला आणि २२ तारखेला घट बसले. चीनचा शरद संपात मात्र २३ तारखेला, म्हणून तोच महिना त्यांचा आठवा. त्यांची पंधरवी आणि आपली कोजागिरी दोन्ही ६ ऑक्टोबरला. २०२३ साली अमावास्या १५ सप्टेंबरला होती, दोन्ही खुणांच्या आधी. तेव्हा त्यांचा सण २९ सप्टेंबरला भाद्रपद पौर्णिमेला झाला आणि आपली कोजागिरी २८ ऑक्टोबरला.

ही खूण कायम ध्यानात ठेवा : संपाताचा महिना तो आठवा. म्हणूनच सण साधारण ८ सप्टेंबर ते ७ ऑक्टोबर या पट्ट्यातच फिरतो. २०३३ हे वर्ष मात्र अपवाद आहे. त्या साली संपात नवव्या महिन्याच्या पहिल्याच दिवशी पडतो, तरी आठवा महिना २५ ऑगस्टलाच सुरू होतो आणि सण ८ सप्टेंबरला येतो. जुन्या छापील पंचांगांत त्या वर्षी सातवा महिना अधिक धरून ७ ऑक्टोबर दिलेली आढळते. ती चूक आहे. एका हिवाळी अयनापासून, म्हणजे वर्षातल्या सगळ्यांत लहान दिवसापासून, पुढच्या अयनापर्यंत तेरा चांद्रमास असतील तरच अधिक महिना धरायचा असतो, आणि तिथे ते बाराच आहेत.

'तिथी' हा शब्दही इथे वापरू नका. आपली तिथी चंद्रसूर्यातलं अंतर बारा अंशांनी वाढलं की बदलते, म्हणून तिचा क्षय होतो, वृद्धी होते. चिनी दिवस साधा मोजायचा असतो. बीजिंगच्या प्रमाणवेळेप्रमाणे ज्या दिवशी, मध्यरात्र ते मध्यरात्र, अमावास्येचा क्षण येतो तो दिवस पहिला, आणि तिथून एक एक पुढे. पंधरावा म्हणजे पहिल्यात चौदा मिळवायचे, बस. आपण प्रतिपदा अमावास्या संपल्यानंतरच्या सूर्योदयापासून धरतो, म्हणजे त्यांचा आकडा अनेकदा एकाने पुढे असतो. २०२४ मध्ये त्यांची पंधरवी १७ सप्टेंबरला होती, म्हणजे आपल्या अनंत चतुर्दशीला, गणपती विसर्जनाच्या दिवशी. २०२६ मध्येही तेच : २५ सप्टेंबरला तिकडे चोंगछिऊ आणि इकडे अनंत चतुर्दशी. पूर्ण चंद्राचा क्षण तर त्या वर्षी बीजिंगमध्ये २७ तारखेला मध्यरात्रीनंतर पाऊण तासाने येतो, म्हणजे सतराव्या दिवशी. 'पंधराव्याचा चंद्र सोळाव्याला भरतो' अशी म्हणच चिनीत आहे. तेव्हा 'पौर्णिमा' हे भाषांतर सैल आहे. मी 'पंधरवी' म्हणतो.

दिवसाची हद्द कुठल्या घड्याळाने धरायची यावर सण एका दिवसाने सरकू शकतो. १९७८ साली अमावास्या बीजिंगच्या प्रमाणवेळेप्रमाणे ३ सप्टेंबरला रात्री बारा वाजून नऊ मिनिटांनी होती. बीजिंगच्या जुन्या स्थानिक वेळेने तोच क्षण २ तारखेच्या रात्री बाराच्या थोडा आधी पडतो. हाँगकाँगच्या पंचांगांत जुनी वेळ धरली होती, म्हणून तिथे सण १६ सप्टेंबरला झाला आणि चीनमध्ये १७ ला.

आता दुसरं नाव, आणि हे मला सगळ्यांत प्रिय. 'ड्रॅगन बोट' हे शर्यतीवरून पडलेलं इंग्रजी नाव. मूळ नाव दुआनवू, त्यात ना ड्रॅगन आहे ना बोट. दुआन म्हणजे टोक, आरंभ. वू ही बारा शाखांच्या चक्रातली सातवी शाखा, तिचा प्राणी घोडा. या चक्राने वर्षं मोजतात, महिने मोजतात, दिवस मोजतात आणि दिवसाचे प्रहरही. वू प्रहर अकरा ते एक, भर दुपार. आजही चिनीत सकाळ म्हणजे 'वूच्या वर' आणि दुपारनंतर म्हणजे 'वूच्या खाली'. वर्षाचा पहिला महिना तिसऱ्या शाखेचा असल्यामुळे सातवी शाखा पाचव्या महिन्याच्या वाट्याला येते. त्याच महिन्यात २१ जूनचं अयन येतं, सूर्य डोक्यावर. दिवसाची भर दुपार ती वू आणि वर्षाची भर दुपार तीही वू! दुआनवू म्हणजे वू महिन्यातला पहिला वू दिवस.

मग तो पाच तारखेवर कसा बसला? कानामुळे. वू शाखा आणि वू म्हणजे पाच यांचा उच्चार एकच, सूरही एकच. हाँगकाँगच्या कँटोनीजमध्ये तर दोन्ही शब्द नुसते अनुनासिक, आपल्या 'ङ'सारखे. बाराखडी शिकताना ज्या अक्षराचा एकही शब्द सापडत नाही म्हणून आपण ते सोडून देतो, तो तिथे अख्खा शब्द आहे. वू दिवस दर बारा दिवसांनी येतो, म्हणजे महिन्यातला पहिला वू एकपासून बारापर्यंत कुठेही पडू शकतो. ती दगदग गेली आणि पाचवा महिना, पाचवा दिवस असं कायमचं ठरलं.

२०२६ वर हे करून पाहा. वर्षही घोड्याचं, म्हणजे वूचंच. पाचवा महिना १५ जूनला सुरू, पाचवा दिवस १९ जून, सण त्या दिवशी. पण १९ जूनची शाखा वू नाही, ती चक्रात बरोबर समोरची पहिली शाखा आहे. त्या महिन्यातला पहिला खरा वू दिवस २५ जून, म्हणजे अकरावा. जुन्या अर्थाने सण तेव्हा झाला असता.

नदीत जीव दिलेला कवी छू युआन याच्यासाठी हा सण सुरू झाला, असं सगळीकडे छापतात. नावात त्याचा मागमूस नाही. वन यीत्वो या अभ्यासकाने सण ड्रॅगनपूजक जमातींचा ठरवला. ते शर्यतीचं मूळ असेलही, पण तारखेचं नाही. तिसऱ्या शतकातल्या चौ छूने या दिवसाला 'मधल्या उन्हाळ्यातला दुआनवू' म्हटलं आहे, आणि तिथला 'मधला' हा आपला वरचाच मधला भाऊ. शरदाचा मधला आठवा महिना, उन्हाळ्याचा मधला पाचवा.

दोन्ही तारखा एकमेकींवर तपासता येतात. पाचव्या महिन्याच्या पाचपासून आठव्याच्या पंधरापर्यंत ९८ किंवा ९९ दिवस असायला हवेत. २०२४ मध्ये १० जून ते १७ सप्टेंबर ९९, २०२६ मध्ये १९ जून ते २५ सप्टेंबर ९८. २०२५ मध्ये मात्र ३१ मे ते ६ ऑक्टोबर १२८ भरतात, कारण मध्ये अधिक सहावा महिना होता. तोही आपल्यासारखाच, संक्रांत नसलेला महिना, फक्त संक्रांत सायन. कुठल्या यादीत अंतर १२८ दिसलं आणि त्या वर्षी पाचवा, सहावा किंवा सातवा महिना अधिक नसेल, तर दोनपैकी एक तारीख चुकली आहे. सहकाऱ्यांना २०२६ साठी शुभेच्छा द्यायच्या त्या २५ सप्टेंबरला, आणि म्हणायचं ते चोंगछिऊ.