साडी गार्ड काढलं तर काय बिघडतं?

प्रश्न: "नवीन बाईकला अलॉय व्हील आहेत. साडी गार्डमुळे गाडीचा लूकच जातो. मित्र म्हणतात, अलॉयला पदर अडकत नाही, काढून टाक. बायको मागे एका बाजूला बसते, महिन्यातून एकदा अक्कलकोटला जातो. काढू का?"

उत्तर:

काढू नका. सोलापुरात वीसेक वर्षं गॅरेज चालवतोय, त्यामुळे कारण नीट सांगतो.

अलॉयला पदर अडकत नाही हे खरं नाही. तारांच्या चाकात कापडाचा काठ स्पोकच्या टोकाशी गुंततो, तर अलॉयच्या दोन आऱ्यांमधली फट मोठी असल्याने कापडाचा अख्खा बोळा आत जातो. चाक फिरतं, पण शेजारचा शॉकअप आणि स्विंगआर्म जागेवर असतात. फिरतं चाक आणि हे स्थिर भाग यांच्यामध्ये कापड सापडलं की ओढ लागते. त्यात आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांची चेन डाव्या बाजूला असते आणि बायका पाय डावीकडेच सोडून बसतात.

आता वेग बघा. ताशी 40 किलोमीटरला मागचं चाक सेकंदाला साधारण सहा फेरे घेतं. मागच्या स्प्रॉकेटचा घेर अर्ध्या मीटरच्या आसपास धरा. म्हणजे त्यावर सेकंदाला तीन मीटर कापड गुंडाळलं जातं. एक मीटर पदर आत जायला सेकंदाचा तिसरा हिस्सा पुरतो. बाईने ओरडून चालवणाऱ्याला सांगावं आणि त्याने ब्रेक लावावा, एवढा वेळच मिळत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे टेम्पोत घालून एक गाडी आली. गिऱ्हाइकाने मागे रुंद टायर टाकला होता, तो गार्डला घासतो म्हणून गार्ड काढलं, चेनकव्हरही अर्धं कापलं. बायकोची जॉर्जेटची ओढणी चेनमध्ये गेली. एक्सल काढून चाक उतरवलं, तेव्हा स्प्रॉकेट आणि हबच्या मध्ये ती ओढणी सुंभासारखी पिळून बसली होती, जळक्या नायलॉनचा वास येत होता. ब्लेडने तुकडे करूनच काढावी लागली. ओढणी गळ्याभोवती नव्हती, नुसती खांद्यावर होती, म्हणून ती निसटली आणि त्या ताई मनगट मोडून वाचल्या. सिंथेटिक कापड सहजासहजी फाटत नाही, माणसाला ओढत नेतं. गळ्याला गुंडाळलेली ओढणी असती तर काय झालं असतं, हे त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

कायद्यातही हेच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 123 मोटारसायकलला तीन गोष्टी सांगतो: चालकाच्या सीटच्या बाजूला किंवा मागे कायमचं हँडल, पाय ठेवायला फुटरेस्ट, आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात गुंतू नयेत, हे कारणही नियमातच लिहिलंय. लेग गार्डचं काम वेगळं. गाडी आडवी पडली तर चालवणाऱ्याचा पाय खाली चेंगरू नये म्हणून ते पुढे लावतात. ते लावलं म्हणून मागचं संरक्षण झालं असं समजू नका.

गार्ड काढताना आणखी एक गोष्ट जाते. डावीकडची लांब पायपट्टी बऱ्याच गाड्यांत गार्डलाच जोडलेली असते. ती गेली की आडवं बसलेल्या बाईचे दोन्ही पाय लोंबकळतात, भार कमरेवर येतो आणि गतिरोधकावर ती सीटवरून घसरते. अशी बसलेली बाई उजवा हात चालवणाऱ्याच्या खांद्यावर ठेवते, डाव्या हाताला मागचं हँडल लागतं. त्या डाव्या हातात पिशवी किंवा मूल असेल तर हँडल असून नसल्यासारखं. पिशवी पुढे हुकला अडकवा, तो हात मोकळा राहू द्या.

तुमचं गार्ड पुरेसं आहे का, हे घरीच बघता येतं. इंजिन बंद, गाडी मधल्या स्टँडवर, न्यूट्रलमध्ये. आपला सोलापुरी टॉवेल सीटच्या डाव्या कडेवरून खाली सोडा, लांबून एका हाताने टायर हळू फिरवा. बोटं चेनजवळ नेऊ नका. टॉवेल आऱ्यांना किंवा चेनला लागला तर गार्डच्या सळ्यांमध्ये फट जास्त आहे किंवा गार्ड वाकलंय. मग गाडी स्टँडवरून उतरवून दोन माणसं बसवून बघा, कारण वजनाने सीट खाली येते आणि वाकलेलं गार्ड टायरला टेकतं. बाहेर मिळणाऱ्या फॅन्सी गार्डच्या सळ्यांमधून माझी तीन बोटं सहज जात असतील, तर ते मी बसवत नाही.

लूकच हवा असेल तर कंपनीचंच गार्ड काळं रंगवून घ्या, चाकाच्या रंगात ते बरंच लपतं. आधी बोल्ट हाताने हलवून बघा. सर्व्हिसिंगला चाक उतरवताना गार्ड सोडलं जातं आणि परत बसवताना एखादा बोल्ट ढिला राहतो.