वारसाने मिळालेल्या शेताला रस्ताच नाही, शेजारी बांधावरून जाऊ देत नाही. काय करू?

आधी एक ठरवा: वाट पूर्वी होती आणि आता अडवली, की कधी नव्हतीच?

वडील ज्या वाटेने बैलगाडी नेत, तीच अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5 खाली तहसीलदारांकडे जा. पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. बरेच जण समजुतीच्या बैठकांतच ही मुदत घालवतात.

वाट नव्हतीच, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम 143. आधी वारस नोंद करून सातबाऱ्यावर नाव आणा. अर्जाला सातबारा, गटाचा नकाशा आणि ज्यांच्या बांधावरून वाट हवी त्या सगळ्यांची नावे-पत्ते जोडा. एखादा सहहिस्सेदार राहिला तर तोच पुढे हरकत घेतो. तहसीलदार स्थळपाहणी करून शेतीची खरी गरज आणि कमीत कमी नुकसान बघतात. म्हणून वाट बांधावरूनच मागा. शेजाऱ्याच्या उभ्या पिकातून जवळचा रस्ता मागाल तर अर्ज लंगडा पडतो. दुसरीकडून वाजवी वाट असली तरीही तसंच.

आणि हो, तुमची जमीन भावकीच्या वाटपातूनच तुटून निघाली असेल, तर वाटपपत्र जरूर दाखवा. गरजेपोटीचा वहिवाटीचा हक्क दिवाणी कोर्टात तिथूनच सिद्ध होतो.