एक शेअर आणि पन्नास कंपन्या

सस्नेह आशीर्वाद.

पहिल्या वर्षाची सगळी बचत एकाच चांगल्या कंपनीच्या शेअरमध्ये घालावी का, असे तू विचारले आहेस. उत्तरादाखल माझ्या भाचा-भाचीची हकिगत लिहितो. भाचा नौपाड्यात राहतो आणि भाची ऐरोलीला. ऑगस्ट २०१८ मध्ये वडिलांच्या मुदत ठेवीतून दोघांच्या वाट्याला प्रत्येकी ३,८०,००० रुपये आले. भाच्याने एका खासगी बँकेचे १,००० शेअर ३८० रुपयांच्या आसपास घेतले. ती बँक निफ्टी या शेअर बाजाराच्या निर्देशांकातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांत होती आणि त्याचा पगारही तिथेच जमा होत असे, म्हणून ती त्याला घरच्यासारखी वाटे. भाचीने तीच रक्कम निफ्टी ५० च्या इंडेक्स फंडात, म्हणजे त्या पन्नासही कंपन्यांत पैसे वाटून ठेवणाऱ्या फंडात ठेवली. तेव्हा निर्देशांक ११,४०० च्या जवळ होता.

२०१९ मध्ये थकीत कर्जांच्या बातम्यांनी भाच्याचा शेअर निम्म्याच्याही खाली आला, तरी तो खरेदीच्या भावाची वाट पाहत थांबला. मला त्याची खरी चूक इथे दिसते, कारण बाजार तेव्हा कोसळलेला नव्हता, कोसळत होती ती एकटी बँक. ५ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि दुसऱ्या दिवशी शेअर सोळा रुपयांवर बंद झाला. पुढे बँकेच्या पुनर्रचनेत शंभराहून अधिक शेअर असणाऱ्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले. त्यामुळे भाव थोडे दिवस पन्नाशीच्या पुढे उसळला तेव्हाही त्याला २५०च शेअर विकता आले.

भाचीही सुटली नाही. २३ मार्चला निफ्टी ७,६१० वर बंद झाला, तेव्हा तिचे ३,८०,००० सुमारे २,५३,००० झाले होते. त्या आठवड्यात तिला पैसे लागले असते, तर एकतृतीयांश तोटा तिच्या पदरी कायमचा पडला असता. मात्र तिचा वर्षभराचा घरखर्च बँकेत वेगळा होता, म्हणून ती थांबू शकली. भाच्याचा शेअर तिच्याही फंडात होता. पण समजा शंभर रुपयांत त्याचा वाटा दोन रुपये असेल, तर तो पूर्ण बुडाला तरी नुकसान दोन रुपयांचेच होते. शिवाय १९ मार्चला तो निर्देशांकातून काढून त्या जागी एका सिमेंट कंपनीला घेतले गेले. नोव्हेंबर २०२० मध्ये निफ्टी १२,४६१ वर पोहोचला आणि भाचीची रक्कम, फंडाचा किरकोळ खर्च वगळता, सुमारे ४,१५,००० झाली.

भाच्याचे उरलेले ७५० शेअर मार्च २०२३ मध्ये मोकळे झाले, तेव्हा भाव पंधरा-सोळा रुपये होता.

तू निवडलेली कंपनी त्या बँकेसारखी निघेल असे मी म्हणत नाही. ती कदाचित फंडालाही मागे टाकील. पण ती घसरू लागली, तर त्याच दिवशी निफ्टी किती घसरला हे आधी पाहा. निफ्टी जागेवर असेल, तर दुखणे त्या कंपनीचे आहे. ती पूर्ण बुडाली तरी तुझे घरभाडे आणि कर्जाचा हप्ता चुकणार नाही, एवढीच रक्कम तिच्यात घाल, आणि तो आकडा ठरला की मला कळव.