फुकट मिळालेलं ड्रिल

“कंपनीने व्हिडिओसाठी ड्रिल फुकट दिलं, पैसे नाहीत. तरी जाहिरात म्हणून सांगावं लागतं का?”

हो. फुकटची वस्तूही मोबदलाच. यूट्यूबवर पेड प्रमोशनची खूण करा आणि ड्रिल दिसेल तेव्हा पडद्यावर ‘जाहिरात’ लिहा. वर्णनात खाली दडवू नका.

आणि फजिती कापू नका. नाशकात, सिडकोतल्या फ्लॅटमध्ये मी पहिल्यापासूनच हॅमर मोड लावला आणि टाइल तडकली. ते तसंच ठेवलं. मग दाखवलं: टाइलवर मास्किंग टेप, हॅमर बंद, टाइलचा बिट, कमी वेग, टाइल पार झाली की भिंतीसाठी बिट बदलून हॅमर.

धोक्याची सूचना शेवटी नको, ड्रिल सुरू होण्याआधीच हवी: डोळ्यांना गॉगल, आणि स्विचबोर्डच्या सरळ रेषेत वर-खाली भोक नाही, तिथे वायर असते.